चाकाखालची माती

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापविलेली लोखंडी धाव चढवितो, तेव्हां चाक टिकावें एवढाच त्याचा हेतु असतो. धावेखालच्या मातीचें काय होईल याची चिंता तो करीत नाहीं, आणि करण्याचें कारणही नसतें. गाडी बहुतेक रस्त्यानें जावयाची, आणि रस्ता जितका दबेल तितका बराच. शेताची गोष्ट अगदीं उलट आहे. तेथें ट्रॅक्टरच्या चाकाला एकाच वेळीं दोन धन्यांची चाकरी करावी लागते. नांगर ओढावयाचा तर चाकानें मातीला घट्ट धरून मागें रेटलें पाहिजे. आणि पीक यावयाचें तर त्याच मातींतील बारीक पोकळ्या शाबूत राहिल्या पाहिजेत, कारण पाणी मुरतें तें त्यांतूनच आणि मुळांना हवा मिळते ती त्यांतूनच. गेल्या नव्वद वर्षांत या दोन धन्यांचा तंटा मिटविण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत दोन प्रकारच्या टायरांची चढाओढ विशेष बोधप्रद आहे.

पहिले ट्रॅक्टर लोखंडी चाकांवर चालत. चाक घसरूं नये म्हणून त्याच्या कडेवर टोकदार दांते बसविलेले असत. हे दांते जमीन पकडीत खरे, पण प्रत्येक पावलागणीक माती उकरण्यांत यंत्राची पुष्कळ शक्ति फुकट जाई, आणि बसणाऱ्याचीं हाडें खिळखिळीं होत. रस्त्यावर तर असें यंत्र आणणेंच कठीण. रबरी धाव त्या वेळीं मोटारींना चांगली सरावली होती. परंतु मऊ रबर नांगरलेल्या शेतांत टिकेल किंवा पकड देईल, यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. तो १९३२ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत, वॉकेशा गांवाजवळच्या एका शेतांत बसला. अॅलिस-चामर्स कंपनीच्या ट्रॅक्टरला तेथें विमानाचे टायर चढविण्यांत आले आणि त्यांत हवा भरली ती दर चौरस इंचास सुमारें १५ पौंड दाबाची, म्हणजे अगदींच बेताची. ट्रॅक्टरनें नांगर ओढला. पुढच्याच वर्षीं कंपनीनें बार्नी ओल्डफील्ड या नामांकित मोटारशर्यतवीराला ट्रॅक्टरवर बसवून ताशीं ६४ मैलांची दौड करविली. ही जाहिरातीची युक्ति होती. पण शेतकऱ्याला पटलें तें दुसऱ्याच कारणानें. इलिनॉय विद्यापीठाच्या चांचण्यांत रबरी चाकांवर इंधन सुमारें एक-चतुर्थांश कमी लागतें असें दिसून आलें. मग लोखंडी चाकाचे दिवस भरले, आणि १९४० च्या सुमारास अमेरिकेंत विकले जाणारे बहुतेक नवे ट्रॅक्टर रबरावर चालूं लागले.

त्या पहिल्या प्रयोगांतील १५ पौंडांचा आंकडा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. टायर जमिनीवर टेकतो तेव्हां वस्तुतः वजन उचलते ती आंतली हवा. रबर आणि दोरे हें त्या हवेला बांधून ठेवणारें केवळ गांठोडें होय. म्हणून टायरचा जमिनीवरील सरासरी दाब हा साधारणपणें आंतल्या हवेच्या दाबाइतका, आणि गांठोडें जितकें ताठर तितका त्याहून कांहींसा अधिक असतो. एखाद्या मागल्या चाकावर ४००० पौंड भार आहे असें धरूं. हवा २० पौंडांची असेल तर तो भार तोलण्यास सुमारें २०० चौरस इंच जागा पुरते. हवा १० पौंडांची केली तर टायर बसकण घेतो आणि तोच भार सुमारें ४०० चौरस इंचांवर पसरतो. चिखलांतून जातांना माणूस फळी टाकून तिच्यावरून चालतो, त्यांतला न्याय हाच. मग सगळ्यांनीं हवा कमीच कां भरूं नये? याचें उत्तर टायरच्या विणकामांत आहे.

जुन्या पद्धतीच्या टायरांत दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे घातलेले असतात. शिंपी ज्याला उरेब म्हणतो त्या रीतीनें एक थर उजवीकडे झुकलेला, तर त्यावरचा डावीकडे. इंग्रजींत याला बायस म्हणतात. हे थर एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत, बगलांतून व पाठीवरून, सारखेच जातात. त्यामुळें बगल आणि पाठ एकमेकींना जखडलेल्या असतात. बगल दबली कीं पाठही वेडीवांकडी होते. तिचा मध्य वर उचलला जातो आणि भार कडांवर येतो. शिवाय दाबलें कीं तिरपे दोरे कात्रीच्या पात्यांप्रमाणें एकमेकांवर सरकतात आणि घासून तापतात. हवा कमी केल्यास हें सरकणें वाढतें, टायर आंतून तापतो आणि त्याचे थर सुटूं लागतात. म्हणून असा टायर टिकवावयाचा तर तो फुगवून ताठ ठेवावा लागतो, आणि ताठ ठेवला कीं तो मातीला दाबतो.

ही उष्णता कोठून येते याचा शोध करतांनाच दुसरी पद्धत हातीं आली. फ्रान्समधील मिशलँ कारखान्यांत मारिउस मिनोल याच्याकडे हें काम होतें. त्यानें एक चमत्कारिक टायर तयार करविला. त्याच्या बगलांतील नेहमींचे थर काढून त्यांच्या जागीं विरळ अंतरावर तारा लावल्या होत्या, आणि त्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणें सरळ, कांठाकडून पाठीकडे गेलेल्या होत्या. दिसण्यांत तें प्रकरण पिंजऱ्यासारखें होतें, म्हणून कारखान्यांत त्याला ‘माशांचा पिंजरा’ असें नांव पडलें. बगलांतील घर्षण जवळजवळ नाहींसें झाल्यानें उष्णता एकदम उतरली. मात्र असा टायर रस्त्यावर डुलूं लागला असता. तो स्थिर राहावा म्हणून पाठीखालीं पोलादी तारांचा एक घट्ट पट्टा घालण्यांत आला. याचें पेटंट १९४६ सालीं नोंदविलें गेलें आणि १९४९ पासून असे टायर मोटारींसाठीं विक्रीस आले. हाच रेडियल टायर. त्यांत बगलेचें काम वेगळें आणि पाठीचें वेगळें. बगल दबते, फुगते, पण पाठीला ओढीत नाहीं. पाठ पट्ट्यामुळें सपाट राहून जमिनीवर लांब पसरते.

मोटारीसाठीं निघालेली ही कल्पना शेतांत उतरली तेव्हां तिचा उपयोग निराळ्याच बाबतींत दिसूं लागला. रेडियलची पाठ जमिनीवर लांब आणि सपाट टेकत असल्यानें रबराचे अधिक दांते एकाच वेळीं मातींत रुतलेले राहतात. ओढ अनेक दांत्यांत वांटली जाते, प्रत्येक दांत्यापुढची माती कमी तुटते आणि चाक कमी घसरतें.

घसरणीचा आणि इंधनाचा संबंध एका साध्या हिशेबानें स्पष्ट होतो, आणि तो हिशेब कोणासही बांधावर करतां येतो. मागच्या चाकावर खडूनें एक खूण करावी. नांगर जमिनींत असतांना चाकाचे पूर्ण दहा फेरे मोजावे आणि सुरवातीला व शेवटीं खुंट्या ठोकाव्या. मग नांगर उचलून, चाक मोकळें चालवीत, त्याच खुंट्यांमधलें अंतर किती फेऱ्यांत कापलें जातें तें पाहावें. आठ फेऱ्यांत कापलें गेलें तर नांगरतांना दहांतले दोन फेरे, म्हणजे वीस टक्के, वायां गेले. टायर बदलून किंवा हवा नीट करून तीच घसरण बारा टक्क्यांवर आणली असें समजूं. पूर्वीं एखादें शेत नांगरावयास चाकाला १०,००० फेरे घ्यावे लागत आणि त्यांतले ८००० खऱ्या चालीचे असत. आतां प्रत्येक शंभरांत ८८ फेरे चालीचे म्हणून तेंच शेत सुमारें ९१०० फेऱ्यांत आटोपतें. नऊशें फेरे वांचले. ओढ तीच राहिली तर प्रत्येक फेऱ्याला लागणारें तेलही जवळजवळ तेंच. तेव्हां शंभर लिटर डिझेलाच्या जागीं एक्याण्णव पुरावें, आणि वेळही त्याच मानानें वांचावा. पण याच हिशेबांतून बचतीची मर्यादाही दिसते. ज्याची घसरण आधींच दहा-बारा टक्क्यांवर आहे त्याला वांचवावयास फार थोडें उरतें. आणि घसरण अजिबात नसेल तर तें भूषण नव्हे. ट्रॅक्टरवर विनाकारण वजन लादलें आहे, आणि तें ओझें वाहण्यांत तेल जळत आहे व माती दबत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्यक्ष कसोट्यांतही हेंच आढळलें. अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत ऑबर्न येथें एक प्रयोगशाळा आहे. तेथें निरनिराळ्या प्रकारची माती लांबलचक हौदांत भरून ठेवलेली असते, आणि तिच्यावरून एकेक चाक ठराविक भारानें व ठराविक घसरणीनें चालवून ओढ मोजली जाते. १९७६ सालीं तेथील संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत घट्ट जमिनीवर रेडियलची सरशी उघड दिसली. मऊ, भुसभुशीत जमिनींत मात्र तिचा फायदा थोडका ठरला. कारण उघड आहे. जेथें माती स्वतःच दबून टायरला बसकण देते, तेथें टायर किती लवचीक आहे याला महत्त्व उरत नाहीं. इंग्लंडांत सिल्सो येथील शेतकी यंत्रसंस्थेनें १९७७ सालीं अनेक शेतांवरील मोजणीवरून रेडियलची ओढ सरासरी ५ ते ८ टक्क्यांनीं अधिक असल्याचें दाखविलें. हा लाभ नाकारण्यासारखा नव्हे, पण जाहिराती वाचून मनांत येतो तितका अचाटही नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट शेतकऱ्यांच्या उशिरां ध्यानांत आली. रेडियलची बगल योग्य हवेवरही फुगलेली दिसते. पाहणाऱ्याला वाटतें, हवा उतरली. मग तो जुन्या संवयीनें पंप लावून टायर टणक करून टाकतो. असें केलें कीं त्याचें पसरणें थांबतें, दाबाचा ठसा आंखूड होतो, आणि दुप्पट नाहीं तरी बरीच चढी किंमत देऊन घेतलेला रेडियल जुन्या उरेब टायरासारखाच वागूं लागतो. या चुकीला १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत आणखी एक निमित्त मिळालें. मोठे, चारही चाकांनीं ओढणारे ट्रॅक्टर कोरड्या टणक जमिनींत जड औत ओढतांना मधूनच घोड्यासारखे उड्या मारूं लागले. पुढचा भाग वर, मागचा खालीं, मग उलट. चालकाला बसवेना आणि ओढही तुटेना. रेडियलच्या मऊ बगला कमानीसारख्या वागतात हें त्याचें एक कारण होतें. शेतकऱ्यांनीं आपल्या परीनें तोड काढली, ती म्हणजे सर्व चाकांत हवा ठासून भरणें आणि वजनासाठीं टायरांत पाणी घालणें. पाण्यानें बगल आणखी ताठ झाली. संशोधकांनीं व कारखान्यांनीं वजनें हलवून आणि हवा बदलून पाहिलें, तेव्हां खरा उपाय बहुतेक उलटच निघाला: आधीं प्रत्येक आंसावरचा भार कांट्यावर तोलावा, पुढचा-मागचा वांटा नीट करावा, आणि मग त्या भाराला पुरेल एवढीच, कमींत कमी हवा ठेवावी. तरीही उडी राहिली तर फक्त एकाच आंसावरच्या चाकांत हवा थोडी वाढवावी. १९९० नंतर लगेचच टायरांच्या भार-दाबाचीं कोष्टकें सुधारण्यांत आलीं आणि हलक्या भाराला रेडियलमध्यें दर चौरस इंचास ६ पौंडांपर्यंत हवा चालेल असें त्यांत मान्य झालें. वॉकेशाच्या त्या पहिल्या १५ पौंडांच्याही खालीं हा आंकडा गेला.

येथवर विषय वरच्या मातीचा झाला. खालच्या मातीचा न्याय वेगळा आहे, आणि तो जर्मन संशोधक वाल्टर झोनं याच्या १९५० नंतरच्या लेखांतून शेतकी अभियंत्यांपुढें स्पष्टपणें आला. चाकाखालचा दाब जमिनींत उतरतांना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा पसरत जातो. पहिल्या वीतभर मातींत तो किती असेल हें मुख्यतः टायरच्या हवेवर ठरतें. परंतु दीड-दोन हात खालीं तो किती पोंचेल हें चाकावरच्या एकूण भारावर ठरतें. टायर रुंद केला, हवा कमी केली, तरी भारच मोठा असेल तर खालच्या थराला त्याची झळ लागतेच. वरचा थर नांगरानें पुन्हा मोकळा करतां येतो. नांगराच्या पोंचेपलीकडचा थर दबला तर तो मोकळा करावयास निसर्गाला फार काळ लागतो. स्वीडनमधील इंगे होकनसन याच्या पुढाकारानें उत्तर युरोप व उत्तर अमेरिका येथील अनेक शेतांवर, आंसावर दहा टन भार असलेलीं वाहनें एकदांच, चार वेळां फिरवून, पुढें वर्षानुवर्षें पिकें मोजण्यांत आलीं. पहिल्या एक-दोन वर्षांतील मोठी तूट हळूहळू भरून आली. पण हातभर खोलीच्या खालची घट्टी, जेथें दर हिंवाळ्यांत जमीन गोठते अशा प्रदेशांतही, कित्येक वर्षें तशीच राहिली.

याच ठिकाणीं रेडियलच्या इतिहासाला एक उपरोधिक वळण मिळतें. जो टायर कमी हवेवर अधिक भार वाहूं शकतो, तो शेतकऱ्याला हलकी पावलें देतो. पण तोच कारखानदाराला अधिक जड यंत्र बांधण्याची मोकळीकही देतो. थॉमस केलर आणि दानी ओर या दोघां संशोधकांनीं २०२२ सालीं याचा ताळेबंद मांडला. कापणी व मळणी एकदम करणारें यंत्र १९५८ च्या सुमारास धान्यासह सुमारें ४ टनांचें होतें. २०२० सालीं तशा मोठ्या यंत्राचें वजन सुमारें ३६ टनांपर्यंत गेलें होतें. टायर मोठे होत गेल्यानें जमिनीच्या पृष्ठावरचा दाब या साठ वर्षांत फारसा वाढला नाहीं. म्हणूनच वरून पाहणाऱ्याला धोका दिसला नाहीं. खालच्या मातींतील ताण मात्र सारखा वाढत गेला. पृथ्वीवर एकेकाळीं वावरलेल्या सर्वांत अवजड चतुष्पाद सरड्यांच्या वजनाशीं हीं यंत्रें बरोबरी करूं लागलीं आहेत, अशी तुलना या दोघांनीं केली आहे.

महाराष्ट्राचा या कथेशीं दुहेरी संबंध आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथें तयार होणारे शेतीचे टायर दूरदेशींच्या शेतांत फिरतात; पण येथल्या स्वतःच्या ट्रॅक्टरांना बहुतेक उरेब थरांचेच टायर असतात. याला अडाणीपणा म्हणणें अन्यायाचें होईल. येथील ट्रॅक्टर लहान; त्याचा बराच काळ शेतांत नव्हे तर रस्त्यावर, उसाची किंवा खताची ट्रॉली ओढण्यांत जातो. रस्त्यावर भरल्या ट्रॉलीनिशीं हवा कमी ठेवतां येत नाहीं, आणि हवा कमी करतां येत नसेल तर रेडियलचा अर्धा गुण वायांच जातो. शिवाय वाकलेल्या मऊ बगलेला दगडाची कड वा बाभळीचा खुंट लागला तर ती चिरते, आणि तें नुकसान थोडें नसतें. काळ्या जमिनीला निसर्गानें एक देणगीही दिली आहे: ती उन्हाळ्यांत भेगाळते, पावसाळ्यांत फुगते आणि वरचा दबलेला थर बराचसा स्वतःच मोकळा करते. मात्र वाफसा येण्यापूर्वीं, माती बोटाला चिकटत असतांना, त्यावर चाक घातलें तर त्या देणगीचा भरंवसा धरतां येत नाहीं. ओल्या मातीला रेडियलही तारूं शकत नाहीं. वाफशाची वाट पाहण्याचा जुना नियम कोणत्याही टायरपेक्षां मातबर आहे.

चाकानें जमिनीचें काय केलें हें पाहण्यास फार मोठें साधन लागत नाहीं. उभ्या पिकांत, चाकाच्या वाटेवर आणि तिच्यापासून चार हात दूर, कुदळीनें दोन खड्डे खणावे. दूरच्या खड्ड्यांत माती गोळ्यागोळ्यांनीं सुटते आणि मुळें सरळ खालीं गेलेलीं दिसतात. वाटेवरच्या खड्ड्यांत वीतभर खालीं माती पत्र्यासारख्या आडव्या थरांनीं निघत असेल, आणि मुळें त्या थरापाशीं येऊन काटकोनांत वळलीं असतील, तर चुकलेल्या हवेचा दोष तेथें स्पष्ट दिसतो. पुढच्या हंगामांत दाबमापक वापरून तो सुधारतां येतो. पण हाच थर हातभर खालीं, नांगराच्याही पलीकडे लागला, तर तो हवेचा नव्हे, भाराचा आहे. आणि त्याला कोणत्याही कारखान्यानें अजून टायर काढलेला नाहीं.